तळटीप द्यावी तर पानभर

अनुवाद करायला घेतलाय म्हणता? इंग्रजी अभ्यासग्रंथ, मराठीत? मग मूळ पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचून वेळ घालवू नका. हातात पेन्सिल घ्या आणि पहिल्या पानापासून तळटिपांच्या जागा खुणावत चला. अहो, अनुवादात आपलं म्हणून असतं काय? वाक्यं लेखकाची, मतं लेखकाची. मुखपृष्ठावर नाव लेखकाचं ठळक, आपलं त्याखाली मुंगीएवढं. पानाच्या तळाशी उरलेली पट्टी तेवढी आपल्या मालकीची. प्लॉट फुकट मिळालाय, मजले चढवा.

मी हे अनुभवानं सांगतोय. गेल्या वर्षी मी लँकेशायरच्या सूतगिरण्यांवरचं एक पुस्तक मराठीत आणलं. सोलापुरात बसून, म्हणजे ज्या गावानं गिरणीच्या भोंग्यावर घड्याळं लावली त्या गावात. विषय रक्तातला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली आणि १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरला कापूस मिळेनासा झाला. त्या ‘कापूस दुष्काळा’वरच्या प्रकरणात एक वाक्य होतं. माझा अनुवाद असा :

‘ब्लॅकबर्नच्या विणकरांना आधी अर्धवेळ काम मिळू लागले, त्यातही नुसती सुरत, नोव्हेंबर उजाडेपर्यंत ते गार्डियन्सच्या दारात उभे होते.’

एका वाक्यात तीन टिपांचं घबाड. तुम्ही असता तर काय केलं असतं? मी तिन्ही दिल्या.

पहिली ब्लॅकबर्नवर. नियम सोपा आहे : वाचकाला जे माहीत नसेल त्यावर टीप द्यायची. ब्लॅकबर्न कुठे आहे हे सोलापूरच्या वाचकाला माहीत नाही, त्यामुळे मी मँचेस्टरपासूनची दिशा, कालवा, लोकवस्ती, सगळं दिलं. आता कुणी खुसपट काढेल की वाक्यातच ‘विणकर’ आहेत, प्रकरण लँकेशायरचं आहे, तेव्हा ते तिथलं कापडाचं गाव एवढं शेंबड्या पोरालाही कळतं आणि पुढे वाचायला तेवढं पुरतं. अशा लोकांकडे लक्ष देऊ नका. त्यांना ज्ञानाची भूक नसते.

दुसरी टीप गार्डियन्सवर. १८३४ च्या इंग्रज गरीब-कायद्यानं प्रत्येक विभागात निवडून दिलेलं पालक मंडळ आलं आणि गरिबांना मदत देणं-नाकारणं त्याच्या हाती गेलं. ही टीप मी बाराव्या पानावर झोकात लिहिली. लेखकानं तिसऱ्या प्रकरणात या मंडळावर स्वतःच सात पानं लिहिलीत हे मला दोन महिन्यांनी, तिसरं प्रकरण करायला घेतलं तेव्हा कळलं. त्याचं म्हणणं माझ्याहून थोडं वेगळं होतं. आता माझी टीप काढली असती तर माझा अपमान, म्हणून तिथे आणखी एक टीप दिली : ‘याबाबत बाराव्या पानावरील टीप पाहावी.’ म्हणून म्हणतो, पुस्तक आधी पूर्ण वाचू नये. वाचलं की निम्म्या टिपा जागीच मरतात. ‘गरिबांच्या पालक मंडळाच्या दारात’ असं वाक्यातच घातलं असतं तरी भागलं असतं म्हणा. पण दोन शब्दांनी वाक्य उघड करणं हा सुताराचा धंदा झाला. आपण विद्वान.

तिसरी सुरतवर, आणि ती माझी लाडकी. सुरत म्हटल्यावर महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या दोन्ही लुटी न सांगता जो पुढे सरकतो तो मराठी अनुवादक कसला? मग इंग्रजांची वखार. मग लँकेशायरमधला किस्सा : कापूस मिळावा म्हणून देवाची प्रार्थना चाललेली असताना एक कामगार मागून ओरडला, ‘पण देवा, सुरत नको!’ मग तो बिअर बनवणारा, ज्यानं आपल्याला ‘सुरतवाला’, म्हणजे भेसळखोर, म्हटल्याबद्दल अब्रुनुकसानीचा दावा लावला. शेवटी सोलापुरी चादरीच्या सुतावर चार ओळी, कारण आमचे वडील मिलमध्ये होते. एकूण दोनशे चौदा शब्द. पानावर मूळ मजकुराच्या पाच ओळी उरल्या, बाकी टीप, आणि तीही मावेना म्हणून पुढच्या पानाच्या तळाशी उतरली. तिथे आधीच दुसरी टीप बसलेली. एसटीत खिडकीशेजारी रुमाल टाकून ठेवावा तशी.

इथे डीटीपीवाला पोरगा आडवा आला. त्याचं दुकान पूर्व भागात, बोळात, शेजारी यंत्रमागांची अखंड खटखट. घरी तेलुगू, दुकानात मराठी. मला म्हणाला, ‘सर, ही टीप तीन ओळींत बसवा की. पान फुटायलंय.’

मी म्हटलं, ‘अरे, ती काढली तर वाचकाला वाक्य कसं कळणार?’

‘वाक्य कळलंय की मला.’ त्यानं स्क्रीनवर बोट ठेवलं. ‘सुरतच्या साड्या आल्या, स्वस्तात. यांचा माल पडला. माग बंद. आमच्या काकांचं तसंच झालं.’

मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्याला ब्लॅकबर्न माहीत नव्हतं, गार्डियन्स माहीत नव्हते, आणि त्या दोन्ही ठिकाणी तो अडखळूनही नीट पार झाला होता. सुरत मात्र त्याला माहीत होतं. तिथे तो अडखळलाच नाही. भरधाव चुकीच्या गावाला गेला, वर काकांनाही घेऊन गेला. आणि माझी दोनशे चौदा शब्दांची टीप? तिची सुरुवातच ‘सुरत हे तापी नदीकाठचे शहर’ अशी होती. म्हणजे तो ज्या चुकीच्या रस्त्यानं चालला होता त्या रस्त्यावर मी टोलनाका बांधून ठेवला होता. ‘कापूस’ हा शब्द सहाव्या ओळीत येत होता. तोवर कोण वाचतो?

असे अनुभव टाळायचे असतील तर छापण्याआधी कुणालाही वाक्य वाचायला देऊ नका. विशेषतः टीप झाकून देऊ नका, आणि ‘काय कळलं ते तुझ्या शब्दांत सांग’ असं तर चुकूनही म्हणू नका. लोक खरं सांगतात. मग लक्षात येतं की वाचकाला न कळणाऱ्या जागा आपण समजतो तेवढ्या धोक्याच्या नसतात. तिथे त्याला निदान कळतं तरी की आपल्याला कळलं नाही, आणि तो कोश उघडतो किंवा पुढे जातो. टीप लागते ती त्याला चुकीचं आणि पक्कं कळतं तिथे. अख्ख्या पुस्तकात अशा जागा फार नाहीत. माझ्या एकशे साठ टिपांपैकी त्या पोरानं टिकवल्या बावीस. एकशे अडतीस टिपांची अंत्ययात्रा त्या बोळातून निघाली, नंदीध्वजाच्या मिरवणुकीइतकी लांब.

सुरतची टीप आम्ही दोघांनी मिळून कापली. कशी, ते सांगतो, म्हणजे तुम्ही तसं करणार नाही. आधी त्यानं ‘सुरत’पुढे वाक्यातच ‘कापूस’ शब्द घातला : ‘त्यातही नुसता सुरत कापूस’. शहर तिथेच संपलं, तापी नदी आटली. मग मला विचारलं, ‘कापूस मिळाला तर रडायलेत कशाला?’ आता टिपेनं एवढ्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. ते असं की हिंदुस्थानातून येणाऱ्या कापसाला तिकडे सरसकट सुरत म्हणत, मग तो सुरतेचा असो-नसो. धागा आखूड, सूत मागावर सारखं तुटायचं, आणि मजुरी नगावर असल्यानं तुटलेला प्रत्येक धागा विणकराच्या खिशातून जायचा. वखार या प्रश्नाचं उत्तर नाही. गेली. महाराज नाहीत, क्षमा मागून तेही गेले. प्रार्थनेचा किस्सा जवळचा होता, पण तो उत्तर देत नव्हता, नुसता रंग भरत होता. बिअरवाला गेला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चादरीचं वाक्य मी हातानं झाकून धरलं, तर तो म्हणाला, ‘सर, हे पुस्तक ब्लॅकबर्नचं आहे ना?’ मग ‘येथे हे लक्षात घेतले पाहिजे की’ आणि ‘वस्तुतः’ ही जोडगोळी उडाली. उरलं ते हे :

‘हिंदुस्थानातून येणारा आखूड धाग्याचा कापूस. सूत सारखे तुटे. मजुरी नगावर, म्हणून कमाई घटे. – अनु.’

तेरा शब्द. पहिल्यांदा सुरत येतो तिथे एकदाच. पुढे तो शब्द तीस वेळा आला तरी पुन्हा नाही. माझ्या हस्तलिखितात तो प्रत्येक प्रकरणात नव्यानं जन्माला येत होता. शिलिंगांचंही तेच. मी प्रत्येक शिलिंगाचे त्या-त्या दिवशीच्या भावानं रुपये करून तळाशी देत होतो. पहिलं प्रूफ ते दुसरं प्रूफ एवढ्यात ते शिळे झाले. शेवटी बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड, एवढं मनोगतात एकदा लिहून सुटलो.

ते शेवटचं ‘अनु.’ मात्र तुम्ही गाळा, नम्रता दिसते. माझ्या आधीच्या एका पुस्तकात मी गाळलं होतं. मी टिपेत ठोकलेलं एक मत परीक्षणकर्त्यानं मूळ लेखकाच्या नावावर जमा केलं आणि त्यावरून त्याला दोन परिच्छेद झोडपलं. लेखक बिचारा परदेशात, मराठी येत नाही. मी गप्प बसलो.

टिपांना आकडेही लेखकाच्याच माळेतले द्या. लेखकाच्या टीप २० नंतर आपली घुसवली की ती २१, आणि लेखकाची २१ झाली २२. मग पुढे लेखक ‘पाहा टीप ३७’ म्हणतो तेव्हा तिथे कामगारांच्या मृत्यूंच्या आकड्यांऐवजी तुमची कडक भाकरीवरची टीप निघते. वाचकाला जरा विरंगुळा. त्या पोरानं माझ्या सगळ्या टिपांना आकड्याऐवजी तारा लावला, तेव्हा ही मजा गेली. लेखकाचे आकडे परत लेखकाच्या टिपांवर जाऊन बसले.

एका जागी लेखकाचंच साल चुकलं होतं. तिथे माझा हात शिवशिवला. सरळ छापायच्या वाक्यातच दुरुस्त करून टाकावं, कुणाला पत्ता लागणार नाही. किंवा त्याउलट अर्धं पान टीप देऊन जगाला दाखवावं की इंग्रजांच्या इतिहासात सोलापूरच्या माणसानं चूक काढली. पोरगा म्हणाला, ‘त्यांना ईमेल करा की.’ केला. दोन दिवसांत आभार मानणारं उत्तर आलं आणि पुढच्या आवृत्तीत ते बदलणार म्हणाले. आम्ही वाक्य तसंच ठेवून तळाशी दिलं : ‘लेखकाने कळवलेली दुरुस्ती : १८६३. – अनु.’ माझं नाव त्यात कुठेच नाही. बघा, असं होतं.

पुस्तक छापायला गेलं त्या संध्याकाळी दुकानात चहा मागवला. पलीकडे माग चालूच. पोरगा शेवटचं प्रूफ चाळत बाराव्या पानाशी थांबला आणि सहज म्हणाला, ‘सर, पण हे ब्लॅकबर्न नेमकं आलं कुठं?’

मी पिशवीत हात घातला.