लाळ-खुरकूत लसीकरणाबाबत खुलासा

“लस टोचली की म्हैस आटते आणि गाभण जनावर गाभडते, रविवारी शिबिराला कोणी जनावर आणू नये.”

गावात फिरणाऱ्या या संदेशाबाबत संस्थेतर्फे खुलासा करण्यात येतो की, लसीनंतर काही जनावरांना एक-दोन दिवस कणकण येऊन चारा कमी जातो व तेवढ्यापुरते दूध घटते. सहा लिटर देणारी म्हैस पाचावर आली, तरी साधारण तीन-चार दिवसांत ती पूर्ववत होते. त्यापुढेही घट राहिल्यास कारण दुसरे समजून पशुवैद्यकांना दाखवावे. उलट प्रत्यक्ष लाळ-खुरकूत झाल्यास तोंडातील फोडांमुळे जनावर खाणेच सोडते आणि त्या वेतातील दूध बहुधा पूर्वपदावर येत नाही. टोचल्या जागी आलेली गाठ हळूहळू जिरते, ती चोळू नये.

गाभडण्याच्या भीतीमागे टोचताना होणाऱ्या ओढाताणीचे व जनावराच्या धडपडीचे कारण असते. म्हणून शेवटच्या महिन्यांतील गाभण जनावरे शिबिरात ओढत आणू नयेत, त्यांची फक्त नोंद द्यावी. ती व्याल्यावर टोचली जातील. तापाची किंवा आजारी जनावरेही घरीच ठेवावीत.

इतर सर्व जनावरे, चार महिन्यांवरील वासरांसह, रविवारी धार काढून सकाळी ८ वाजता संस्थेच्या आवारात मजबूत दाव्याने बांधून आणावीत. कानातील बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक आदल्या दिवशीच कागदावर उतरवावा, कारण तो वाचण्यातच निम्मी सकाळ जाते. प्रथमच टोचलेल्या वासरांना महिन्याने दुसरी मात्रा लागेल.

लसीनंतरचे दूध संस्था नेहमीप्रमाणे स्वीकारील.

सचिव