विषय: नोंद स्थगित, रुग्ण मात्र दारात

महोदय,

रुग्णांना डॉक्टरांच्या वेळा ऑनलाइन ठरवून देणाऱ्या आपल्या संकेतस्थळावरील आमच्या दवाखान्याची नोंद आपण ‘कागदपत्रांत विसंगती’ एवढे मोघम कारण देऊन स्थगित केली आहे. विसंगती कोणती, हेही आम्हीच शोधायचे! नोंदणी प्रमाणपत्रावर डॉक्टरांचे नाव वडिलांच्या नावासह पूर्ण आहे आणि आपल्या पानावर आद्याक्षरे आहेत. नोंदणी क्रमांक दोन्हीकडे एकच असताना तेवढ्यावरून डॉक्टर बोगस ठरतात काय?

बरे, स्थगिती तरी धड करावी. नव्या रुग्णांना आमचे नाव दिसत नाही, परंतु आधी घेतलेल्या वेळा कायम आहेत. त्यांच्या स्मरणाचे संदेश आपली यंत्रणा इमानेइतबारे पाठवत आहे, आणि लॉगिन बंद असल्यामुळे कोण किती वाजता येणार हे ठाऊक नसलेली एकमेव व्यक्ती म्हणजे स्वागतकक्षात बसलेली मी. रुग्णांचे फोन क्रमांकही त्याच कुलपाआड असताना कळवायचे कोणाला? फोनवरून वेळ घेतलेला रुग्ण आणि आपण पाठवलेला रुग्ण एकाच वेळेसाठी समोर उभे राहतात. तपासून गेलेल्या माणसाची हजेरी मला नोंदवता येत नाही, म्हणून आपली यंत्रणा त्याला ‘अनुपस्थित’ ठरवते आणि त्या बिचाऱ्याकडेच खुलासा मागते!

याची तक्रार करण्यासाठी म्हणे आधी लॉगिन करावे. ते करता आले असते, तर हे पत्र कशाला लिहिले असते?

प्रमाणपत्र पुन्हा जोडले आहे. ते एखाद्या माणसाने डोळ्यांनी वाचावे, आणि तोवर निदान वेळापत्रक पाहण्यापुरते तरी आमचे खाते आजच उघडावे.

आपली,
स्वागतिका