आधार निकालाची १,४४८ पानं आणि 'शेवटची वीस पानं'

*"निकाल कितीही मोठा असो, शेवटची वीस पानं वाचली की झालं. बाकी सगळे वकिलांचे युक्तिवाद. सारांशात 'एवढंच वाचलं, एवढं सोडलं' असं लिहिणं म्हणजे फापटपसारा, उलट त्यानं वाचकाचा विश्वास उडतो."*

न्यायालयीन निकालांचे सारांश लिहिण्याबद्दल असा सल्ला दिला जातो. त्यातलं आधी शेवटच्या वीस पानांचं बघू. आधार कायद्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २६ सप्टेंबर २०१८ चा निकाल १,४४८ पानांचा आहे, पण तो सलग एक निकाल नाही. पहिली ५६७ पानं न्या. सिक्री यांची. त्यांनी ती स्वतःसाठी आणि तत्कालीन सरन्यायाधीश दीपक मिश्रा व न्या. खानविलकर यांच्या वतीनं लिहिली. पाचांपैकी तिघे इथे एकत्र, म्हणून हेच बहुमत. पुढची ४८१ पानं न्या. चंद्रचूड यांच्या विरोधी मताची आणि शेवटची ४०० न्या. अशोक भूषण यांच्या स्वतंत्र मताची. म्हणजे फाइल उघडून थेट तळाशी गेलात तर हाती लागतं ते एकट्या न्यायमूर्तींचं मत.

त्यानं काय बिघडतं ते बँक खात्याच्या मुद्द्यावर दिसतं. खात्याला आधार जोडण्याची सक्ती मनी लाँडरिंग नियमावलीच्या नियम ९ मधल्या २०१७ च्या दुरुस्तीतून आली होती. भूषण यांच्या निष्कर्षांत ही दुरुस्ती घटनाबाह्य नाही असं आहे. बहुमतानं मात्र ती रद्द केली. भूषण बाकी बहुतेक मुद्द्यांवर बहुमताबरोबर असल्यानं चूक चटकन लक्षातही येत नाही. तळाची पानं वाचून कोणी 'बँकेला आधार देणं सक्तीचंच' असं लिहिलं, तर वाक्य निकालातलंच असेल आणि तरीही निकालाच्या उलट असेल. बहुमताचे निष्कर्ष हवेत तर ५६७ व्या पानाच्या अलीकडे जावं लागतं. निकाल एकमताचा आणि एकाच हातचा असेल तर शेवटाकडून सुरुवात करायला हरकत नाही, एवढं मान्य.

'बाकी युक्तिवाद' हे अर्धंच खरं. युक्तिवाद असतात, पण त्यांच्यामध्येच न्यायालयाची कारणंही असतात. घोटाळा होतो तो शब्द शोधून वाचणाऱ्यांचा. फाइलमध्ये `Section 57`, म्हणजे खासगी कंपन्यांना आधार वापरू देणारं कलम, शोधा, वाक्य सापडतं, उचललं जातं, आणि नंतर कळतं की ते याचिकाकर्त्यांच्या वकिलांचं म्हणणं होतं. ओळखायची खूण सोपी आहे: परिच्छेदाच्या सुरुवातीला किंवा एक-दोन परिच्छेद वर `submitted`, `argued`, `contended` यांपैकी काही दिसलं तर ते न्यायालयाचं मत समजू नका. संदर्भ देताना नुसता परिच्छेद क्रमांक पुरत नाही, कारण प्रत्येक मताचे क्रमांक नव्यानं सुरू होतात. कोणाचं मत, तेही लिहा.

आता फापटपसारा. न वाचलेलं आणि वाचून गाळलेलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही चार ओळींत मावतात:

> पूर्ण वाचलं: बहुमताचे निष्कर्ष, कलम ५७ आणि बँक व मोबाइल जोडणीवरची चर्चा.
> चाळलं: चंद्रचूड व भूषण यांचे फक्त निष्कर्ष.
> वाचलं नाही: उरलेलं सगळं.
> वाचून गाळलं: अनुदानासाठीचं कलम ७, पॅन जोडणी (दोन्ही वैध ठरली), शाळाप्रवेश.

शेवटच्या ओळीविना वाचकाला वाटतं, निकालात फक्त बँक आणि मोबाइलच आहे. मग पॅन जोडायला सांगितलं की तो 'कोर्टानं रद्द केलंय' म्हणून भांडायला उभा राहतो. तिसऱ्या ओळीचा उपयोग लिहिणाऱ्याला जास्त. ती लिहिली की 'याबद्दल न्यायालय काहीच बोललं नाही' असं वाक्य हातून निसटत नाही. नकारार्थी विधान पूर्ण वाचल्याशिवाय करता येत नाही, आणि शब्द शोधून न सापडणं हा पुरावा नव्हे: तोच मुद्दा दुसऱ्या शब्दांत असतो, किंवा पान स्कॅन केलेलं असल्यानं शोधात येतच नाही.

राहिला विश्वास. 'पूर्ण निकालाचा सारांश' असं ठोकून दिलेल्या मजकुरात वाचकाला तपासायला जागाच नसते. वरच्या चार ओळी असल्या की ज्याला विरोधी मतात रस आहे तो सरळ ५६८ व्या पानावर जातो आणि तुम्ही तिथं गेला नव्हता हे त्याला आधीच ठाऊक असतं. हो, दहा पानी आदेशाला एवढा थाट नको. तिथं 'पूर्ण वाचला' हे दोन शब्द बास.

आणखी एक ओळ मात्र कायम हवी, ती म्हणजे सारांश कुठल्या तारखेपर्यंतचा. २०१९ मध्ये संसदेनं कायदा दुरुस्त करून बँक खातं आणि सिम कार्डासाठी ऐच्छिक आधार ओळखीची वाट पुन्हा उघडली. ही गोष्ट १,४४८ पानं अक्षर न् अक्षर वाचली तरी त्यात सापडणार नाही.