हार्ट अटॅकमध्ये गुठळी फोडायचं इंजेक्शन की थेट अँजिओप्लास्टी?

"अँजिओप्लास्टी करायची कॅथलॅब चार तासांवर असेल तर इंजेक्शनमध्ये वेळ का घालवायचा, थेट अँजिओप्लास्टीलाच का न्यायचं नाही?"

दादा, वेळ इंजेक्शनमध्ये नाही, रस्त्यात जातो. ईसीजीत एसटी, म्हणजे आलेखातला एक भाग, वर उचललेला दिसला की तिथून १२० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी होणार असेल तर तीच भारी, पण नसेल होणार आणि दुखायला लागून १२ तास झाले नसतील तर तिथेच इंजेक्शन, तेही दहाएक मिनिटांत. मी तालुक्याच्या दवाखान्यात होतो तेव्हाची केस सांगतो, ७२ किलोचा शेतकरी, पहाटे पाचला छातीत दुखायला लागलं, गॅस समजून सोडा पिऊन बसला (हे नेहमीचंच), साडेसहाला ईसीजी. आधी विचारलं, मेंदूत कधी रक्तस्राव, सहा महिन्यांत पॅरालिसिस, नुकतंच मोठं ऑपरेशन? काहीच नाही. मग अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, रक्त पातळ करायचं इंजेक्शन आणि गुठळी फोडणारं टेनेक्टेप्लेज ४० मिग्रॅ, वजनावरून ठरतं, एकाच झटक्यात शिरेतून. पंचाहत्तरीपुढे अर्धाच डोस, कारण मेंदूत रक्तस्रावाची भीती, शंभरात एखाद्याला होतो.

आणि इंजेक्शन दिलं म्हणजे काम झालं असं नाही हां, लगेच अँब्युलन्स. दीड तासाने गाडीतच पुन्हा ईसीजी काढला, एसटी चार मिमीवरून एकवर, दुखणंही थांबलेलं. निम्म्यानेही उतरला नसता तर पोचल्या पोचल्या अँजिओप्लास्टी. याची अँजिओग्राफी दुसऱ्या दिवशी पहाटे, २४ तासांच्या आत, निवांत झाली.