सारांशाआधी ट्रान्सक्रिप्ट का दुरुस्त करायची? एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "लेख वाचला, पण पटला नाही. दीड तासाच्या भाषणाची ट्रान्सक्रिप्ट आधी दुरुस्त करत बसायची आणि मग सारांश काढायचा, हा उलटा कारभार आहे. आजची मॉडेल्स संदर्भावरून चुकलेले शब्द ओळखतात. थेट सारांश काढा आणि त्या दोन पानांत नावं तपासा, दहा मिनिटांचं काम. शिवाय तुम्ही सांगता तसं शोधा-आणि-बदला केलं तर बरोबर असलेले शब्दही बिघडतील, त्याचं काय?"

शेवटच्या शंकेत तथ्य आहे, त्यावर खाली सविस्तर लिहितो. पण दोन पानांत नावं तपासण्याची वाट मात्र धोक्याची आहे. ट्रान्सक्रिप्टमधली चूक चूक म्हणून दिसते, वाक्य अडखळतं, वाचणारा थबकतो. सारांश करताना मॉडेल तेच वाक्य गुळगुळीत करून टाकतं. मग चूक उरते, पण तिची खूण उरत नाही.

डाळिंबावरच्या व्याख्यानाचं उदाहरण घेऊ. पुढचा मजकूर नमुना म्हणून लिहिला आहे, पण मराठी ट्रान्सक्रिप्टमध्ये चुका होतात त्या याच जातीच्या:

> मृग बाहेर धरला की पावसाळ्यात तेल याचा जोर वाढतो. ज्यांच्याकडे मागच्या वर्षी तेल या होता त्यांनी हस्त बाहेर धरावा. छाटणीनंतर एक टक्का बोर्डाची फवारणी घ्या. फुले भगवा सुपर असेल तरी हेच.

डाळिंब लावणाऱ्याला हे लगेच उमगेल. 'बाहेर' म्हणजे बहार, फळं धरण्याचा हंगाम. 'तेल या' म्हणजे तेल्या रोग, 'बोर्डाची' म्हणजे बोर्डोची, मोरचूद आणि चुन्याच्या मिश्रणाची. शेवटच्या वाक्यात तर एकही शब्द चुकलेला नाही. 'फुले भगवा सुपर' हा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा वाण आहे. पण हे माहीत नसलेल्या मॉडेलकडून सारांश असा येऊ शकतो: "पावसाळ्यात तेलाचा वापर वाढतो. छाटणीनंतर बोर्डाने सुचवलेली एक टक्का फवारणी घ्यावी. भगव्या रंगाच्या फुलांसाठीही हीच शिफारस आहे." वाक्यं नीटनेटकी आहेत, पण तीनही चुकीची. आणि हस्त बहार धरण्याचा सल्ला, जो त्या परिच्छेदातला सर्वांत कामाचा, तो गायबच झाला. मॉडेलला ज्याचा अर्थ लागत नाही ते वाक्य बहुतेकदा गाळलं जातं. सारांशात नसलेली गोष्ट सारांश वाचून सापडणार कशी? दहा मिनिटांच्या तपासणीत ती सुटणार हे ठरलेलंच.

मॉडेल संदर्भावरून ओळखतं हे खरं, पण संदर्भ शाबूत असेल तेव्हा. एका वाक्यात एक शब्द चुकला तर तो सावरला जातो. वरच्या नमुन्यात पहिल्याच वाक्यात दोन चुका आहेत आणि दोन्ही चुकीचे शब्द मराठीतले धडधडीत खरे शब्द आहेत. मृग, पावसाळा, बाहेर, तेल, जोर, यांतून रोगापर्यंत पोचायला धागाच उरत नाही.

आता वेळेचा मुद्दा. पूर्ण ट्रान्सक्रिप्ट ओळीओळीने वाचायचीच नाही. आधी शब्दयादी करायची, तीही ध्वनिफीत न ऐकता. कार्यक्रमपत्रिका, वक्त्याच्या स्लाइड, विषयावरची एखादी पुस्तिका एवढ्यावरून चाळीस-पन्नास शब्द निघतात. वक्त्यांची आणि गावांची नावं, वाणांची नावं, रोग, औषधं, संस्था. डाळिंबासाठी म्हणाल तर आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार, तेल्या, मर, सूत्रकृमी, बोर्डो, मोरचूद, ट्रायकोडर्मा, भगवा, गणेश, आरक्ता अशी यादी होईल.

ही यादी आधी ध्वनी ओळखणाऱ्या मॉडेललाच द्या. व्हिस्पर वापरत असाल तर `initial_prompt` मध्ये. नुसती स्वल्पविरामांची माळ देण्यापेक्षा ते शब्द ज्यात सहज येतात अशी दोन-तीन वाक्यं द्या. मॉडेल त्या मजकुराकडे आधीच बोलला गेलेला भाग म्हणून पाहतं आणि पुढचं लेखन त्याच वळणाचं करतं. मात्र इथे जागा फार कमी आहे. सुमारे सव्वादोनशे टोकन, आणि देवनागरीतला एकेक शब्द बरीच टोकनं खातो, त्यामुळे सगळी यादी मावत नाही. सर्वांत जास्त घोटाळा होणारे शब्दच निवडा. दुसरी मर्यादा अशी की मॉडेल ध्वनी तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांत घेतं. तुमचा मजकूर थेट पोचतो तो पहिल्या तुकड्यालाच. पुढे नवं लेखन साचत गेलं की तो मागे सरकून बाहेर पडतो. नव्या आवृत्त्यांत `carry_initial_prompt` दिलं तर तो प्रत्येक तुकड्याला मिळतो. त्याचा एक तोटाही आहे. लांबलेल्या शांततेत किंवा टाळ्यांच्या आवाजात कधीकधी यादीतलेच शब्द ट्रान्सक्रिप्टमध्ये उमटतात, कोणी उच्चारलेले नसताना. म्हणून अशा जागी आलेल्या यादीतल्या शब्दावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका.

त्यानंतर उरलेल्या चुका शोधायच्या. `word_timestamps=True` दिलं की प्रत्येक शब्दाबरोबर त्याची वेळ आणि मॉडेलला वाटणारी खात्री मिळते. कमी खात्रीचे शब्द पाहणं उपयोगी आहे, पण तेवढ्यावर थांबू नका. 'बाहेर' हा शब्द मॉडेल पूर्ण खात्रीने लिहितं, कारण तो रोजच्या वापरातला आहे. अशा चुका खात्रीच्या आकड्यावरून सापडत नाहीत, शेजारावरून सापडतात. 'मृग', 'हस्त', 'आंबे' या शब्दांनंतर काय आलं आहे ते सगळीकडे काढून पाहा. 'एक टक्का' आणि 'फवारणी' यांच्या मध्ये काय आलं आहे ते पाहा. पाच-सहा अशा शोधांत बहुतेक विकृत रूपं हाती लागतात, आणि एकाच शब्दाची तीन वेगवेगळी रूपं झाली असतील तर तीही एकत्र दिसतात.

आता तुमच्या शंकेकडे येतो. 'बाहेर' जिथे दिसेल तिथे 'बहार' केलं, तर "साचलेलं पाणी बागेच्या बाहेर काढा" हे वाक्य बिघडणारच. म्हणून एकटा शब्द बदलायचा नाही, जोडी बदलायची: 'मृग बाहेर' चं 'मृग बहार', 'हस्त बाहेर' चं 'हस्त बहार'. 'तेल या' चं प्रकरण आणखी नाजूक आहे. "निंबोळी तेल या अवस्थेत फवारा" हे पूर्ण बरोबर वाक्य आहे. त्यामुळे 'तेल याचा' आणि 'तेल या रोगाचा' ही रूपं बदलायला हरकत नाही, पण नुसतं 'तेल या' दिसलं तर प्रत्येक जागा वेगळी पाहावी लागते. विभक्तीचे प्रत्यय सांभाळायला दुरुस्तीच्या तक्त्यात लांब रूपं आधी ठेवा आणि आखूड नंतर, नाहीतर 'तेल याचा' मधला 'तेल या' आधीच बदलला जातो आणि लांब रूपाचा नियम कोरडाच राहतो.

देवनागरीत आणखी एक सापळा आहे, तो पायथॉन वापरणाऱ्यांनी जवळून पाहावा. सारांशात 'मर' हा शब्द रोगाचं नाव म्हणून स्पष्ट राहावा यासाठी तो 'मर रोग' करायचा आहे असं समजा:

```python
import re, regex
re.sub(r"\bमर\b", "मर रोग", "मराठी")     # मर रोगाठी
regex.sub(r"\bमर\b", "मर रोग", "मराठी")  # मराठी
```

पायथॉनचं नेहमीचं `re` काना, मात्रा, वेलांटी यांना शब्दाचा भाग मानत नाही. त्यामुळे 'मराठी' मध्ये र नंतरच्या कान्यापाशी शब्द संपला असं ते समजतं. `regex` हे वेगळं मॉड्यूल ही चूक करत नाही. तुम्हाला बरोबर शब्द बिघडल्याचा अनुभव आला असेल तर त्यामागे हे कारण असण्याची शक्यता मोठी आहे. तसंच 'ॲसिड' मधला ॲ एका संकेताचा असू शकतो किंवा अ आणि अर्धचंद्र असा दोन संकेतांचा. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र जुळत नाहीत. बदल करण्याआधी सगळा मजकूर एकाच पद्धतीवर आणून घ्या.

जिथे नुसतं वाचून ठरत नाही तिथे ऐकायचं. वेळ हाताशी असल्यामुळे तुकडा काढणं सोपं आहे:

```
ffmpeg -ss 00:41:05 -i vyakhyan.mp3 -t 12 tukda.wav
```

बारा सेकंद पुरतात, कारण शब्दाच्या आधीचं आणि नंतरचं वाक्य त्यात येतं. ऐकूनही उलगडलं नाही तर अंदाज लिहू नका. त्या जागी `[अस्पष्ट 00:41:10]` असं ठेवा आणि सारांश काढताना सूचना द्या की अशी खूण असलेल्या वाक्यातलं नाव किंवा प्रमाण तर्काने भरायचं नाही, खूण तशीच राहू द्यायची. आणखी एक पथ्य पाळा: दुरुस्ती फक्त ऐकण्यातल्या चुकांची. वक्ताच एखादं नाव किंवा माप चुकीचं बोलला असेल तर ट्रान्सक्रिप्टमध्ये ते तसंच राहायला हवं. हवी तर बाजूला टीप द्या.

आकड्यांवर शब्दयादीचा काही उपाय चालत नाही. अर्धा, दीड, अडीच, साडेतीन हे शब्द घाईच्या बोलण्यात सहज घसरतात. इथे कामाला येतो तो आतला हिशेब. एक टक्का बोर्डो म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. ट्रान्सक्रिप्टमध्ये "एक टक्का" आणि पुढच्या वाक्यात "पाचशे ग्रॅम मोरचूद, पाचशे ग्रॅम चुना, शंभर लिटर पाणी" असं असेल तर दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. वक्ता "अर्धा टक्का" म्हणाला असेल किंवा पाणी "पन्नास लिटर" असेल. कागदावर बसून हे ठरवायचं नाही, तिथे तुकडा काढून ऐकायचंच. अर्धा टक्का आणि एक टक्का यांतला फरक प्रत्यक्ष झाडाच्या पानांवर दिसतो.

सारांश तपासायचा हे तुमचं म्हणणं मान्यच आहे, फक्त ते दुरुस्तीनंतर. त्यातलं प्रत्येक नाव आणि प्रत्येक आकडा दुरुस्त ट्रान्सक्रिप्टमध्ये शोधा. जे सापडत नाही ते मॉडेलने स्वतःच्या पदरचं घातलेलं आहे, ते काढून टाका. मग उलट दिशेनेही पाहा: तुमच्या शब्दयादीतला जो शब्द ट्रान्सक्रिप्टमध्ये पाच-सात वेळा आला आणि सारांशात एकदाही नाही, त्याच्या जागा पुन्हा वाचा. वरच्या नमुन्यात हस्त बहाराचा सल्ला गळाला होता, तो या उलट्या तपासणीत सापडतो. 'हस्त बाहेर' तसंच राहिलं असतं तर 'हस्त बहार' शोधूनही हाती काहीच लागलं नसतं.