‘ग्राफ कारण सांगत नाही’ या प्रतिक्रियेला उत्तर

यूट्यूब शॉर्टचा रिटेन्शन ग्राफ, म्हणजे कितव्या सेकंदाला किती टक्के प्रेक्षक अजून बघतायत हे दाखवणारी रेषा, वाचून पहिले तीन सेकंद कसे सुधारायचे आणि सुरुवातीचा ‘नमस्कार’ का काढायचा, यावर मी एक लेख लिहिला होता. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया.

प्रतिक्रिया: “ग्राफ फक्त लोक गेले एवढंच सांगतो, का गेले ते नाही. मग घरात बसून रेषा बघत पहिल्या तीन सेकंदांवर उपदेश करणं ही पोपटपंची आहे. ‘नमस्कार’ काढायला सांगून तुम्ही आपली रीतही मोडताय. शिवाय लेखात एका जागी ५८ टक्के आणि दुसऱ्या जागी ५६ टक्के लिहिलंय, खरं काय?”

खरं ५८. चूक माझी होती, आता दुरुस्त केली आहे. लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.

पण ‘पोपटपंची’ हा शब्द मला लागला. नऊ वर्षं मी सांगलीत लग्नाच्या कॅसेटी आणि सीड्या एडिट केल्या. गिऱ्हाईक शेजारी बसून बघायचं आणि कुठल्या क्षणी त्याचा हात रिमोटकडे जातो ते मी डोळ्यांनी टिपायचो. आज तो हात मला दिसत नाही, म्हणून रेषा बघतो. मतभेद जरूर मांडा, पण समोरच्यानं काम केलंय की नाही हे विचारायचं तरी होतं.

आता तुमचं पहिलं वाक्य. कारण रेषेवर लिहिलेलं नसतं, हे मान्य. पण घसरण नेमकी कुठल्या सेकंदाला आहे हे ती सांगते, आणि त्या सेकंदाला पडद्यावर काय होतं हे आपल्याला माहीत असतं. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की संशयित एकदोनच उरतात. मग त्यांतला एकच बदलून पुन्हा बघायचं. उपदेश म्हणता तो एवढाच.

माझ्या चुलतभावाच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानातला शॉर्ट घ्या. विषय असा, की शिवताना कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो. पहिल्या सेकंदात गुंत्याचा क्लोजअप होता, मग कट होऊन भावाचा चेहरा आणि “नमस्कार मंडळी, आज आपण बघणार आहोत...”. रेषा पहिल्या सेकंदाला ९१ वर होती आणि तिसऱ्याला ५८ वर. म्हणजे चित्रानं लोक धरून ठेवले होते; ते सुटले चेहरा आणि नमस्कार आल्यावर. पहिलाच सेकंद कोसळला असता तर मी क्लोजअप बदलला असता, बोलण्याला हात लावला नसता.

दुसऱ्या वेळी क्लोजअप तसाच ठेवला आणि त्यावरच आवाज घातला: “असा गुंता होतोय? फूट वर करून दोरा ओवा.” फूट म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय. तिसऱ्या सेकंदाला ७४. मला आनंद झाला, पण पाचव्या सेकंदापासून रेषा पुन्हा खाली. उत्तर आधीच देऊन टाकलं होतं, मग पुढे कशाला थांबायचं? तिसऱ्या वेळी वाक्य केलं, “असा गुंता होतोय? दोष खालच्या बॉबिनचा नाही.” तिसऱ्या सेकंदाला ७३ आणि पाचव्यानंतरची घसरण नाहीशी. फूट खाली असताना टेन्शनच्या चकत्या आवळलेल्या असतात, वरचा दोरा त्यांच्यात बसत नाही आणि सैल राहून खाली गुंततो, हे कारण मग निवांत सांगता आलं. तिन्ही वेळा दुकान तेच, मशीन तेच, बोलणारा तोच. प्रेक्षक मात्र दर वेळी वेगळे, म्हणून ७४ आणि ७३ मधल्या फरकाला मी काहीच किंमत देत नाही. ५८ आणि ७४ मधल्या फरकाला देतो, आणि तीही प्रत्येक व्हिडिओला काही हजार व्ह्यूज आल्यावरच. दोनशे व्ह्यूजवर दोन माणसं गेली तरी रेषा एक टक्का हलते.

फसायची खरी जागा तुम्ही सांगितलीत ती नाही. शॉर्ट संपला की पुन्हा सुरू होतो, त्यामुळे रेषा शंभराच्या वरून निघू शकते. सुरुवात ११८ आणि तिसऱ्या सेकंदाला ९४ असेल, तर ९४ बघून खूश व्हायचं नाही; ११८ नं भागायचं, म्हणजे साधारण ८० टक्के. त्यातही एक मेख आहे. पूर्ण बघून दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला जो जातो, तोही याच घसरणीत धरला जातो. म्हणून किती जण थांबले आणि किती जणांनी स्वाइप केलं, तो यूट्यूब स्टुडिओतला वेगळा आकडा शेजारी ठेवावाच लागतो. स्वाइप करणारे कमी आणि तरी सुरुवातीची घसरण मोठी, असं दिसलं तर हुकवर, म्हणजे प्रेक्षकाला धरणाऱ्या सुरुवातीवर, संशय घेण्याआधी व्हिडिओचा शेवट सुरुवातीला कसा जोडलाय ते बघा. हे मूळ लेखात हवं होतं.

रीतीबद्दल वाद घालणार नाही. भाऊ आता शेवटी नमस्कार करतो.

तुमचा स्वतःचा एखादा ग्राफ असेल तर सुरुवातीचा, पहिल्या आणि तिसऱ्या सेकंदाचा आकडा इथे टाका, आणि त्या वेळी पडद्यावर काय होतं तेही लिहा. मी वेळ काढून बघेन. ‘पोपटपंची’ला यापुढे उत्तर देणार नाही.