सातजणांचा ज्युनियर

शुक्रवारी म्हापशाचा बाजार, आणि माझ्या ऑफरची मुदतही त्याच संध्याकाळी पाचची. पत्रात कामं अशी: सातजणांची टीम सांभाळणे, रोस्टर लावणे, व्हेंडरची बिलं तपासून मंजूर करणे. आणि हुद्दा? ज्युनियर एक्झिक्युटिव्ह! आता त्या सातांत मी ज्युनियर कुणाला?

प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात गेलो. कागद अजून प्रिंटरच्या तोंडातच होता, तर बाकावरच्या काकांनी तो उलटा वाचूनही टाकला.

"पगार बरो आसा मरे! मग तोंड का असं?"

हुद्द्याचं सांगितलं. चूक झाली. काका निवृत्त सरकारी निघाले.

"एलडीसीचा यूडीसी व्हायला मला चौदा वर्षं लागली. आणि तू जायच्या आधीच बढती मागतोस?" चष्मा पुसून ते पुढे म्हणाले, "यूडीसी झालो, तर काय बदललं? टेबल तेच, फाइली त्याच. खुर्चीवर टॉवेल आला फक्त." रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला आलेल्या बाईही माझ्याकडे लोभी माणसाकडे बघावं तशा बघू लागल्या.

मग काकांनी घूमजाव केलं. "बरं, मग लिहून टाक, हुद्दा बदलला तरच येतो!"

इथेच तर माणूस फसतो. भारतीय करार कायदा, 1872, कलम 7 म्हणतं की स्वीकृती बिनशर्त हवी. 'तरच' लिहिलं की तो होकार राहत नाही, उलटा प्रस्ताव होतो, आणि कंपनी मोकळी. म्हणून मी आधी एचआरला फोन केला, मग मेल. पहिल्या परिच्छेदात नुसता होकार आणि रुजू व्हायची तारीख. दुसऱ्यात विनंती, अट नव्हे: कामांच्या यादीतला पहिला आणि दुसरा मुद्दा बघता 'टीम लीड' करता येईल का? पगार आणि ग्रेड आहे तेच राहू दे.

एचआरची मुलगी म्हणाली, "सर, सिस्टिममध्ये ग्रेडलाच हुद्दा चिकटलेला आहे." म्हटलं, सिस्टिममध्ये असू दे, पत्रात कामकाजाचा हुद्दा म्हणून 'टीम लीड' लिहा. उद्या अनुभवपत्रावर जो शब्द येतो, पुढची कंपनी पडताळणीत तोच विचारते. तेव्हा मी काय सात माणसं घेऊन हजर होऊ?

पावणेपाचला सुधारित पत्र आलं. पहिल्या पानावर टीम लीड. शेवटच्या पानावरच्या पगाराच्या तक्त्यात मात्र ज्युनियर एक्झिक्युटिव्ह, जसाच्या तसा! एवढीशी ओळ कुणी वाचून पाहू नये? परत फोन. 'तक्त्यातली चूक सोमवारी दुरुस्त करतो' असं मेलवर लिहून घेतलं, सही केली, स्कॅन पाठवला. पाचला तीन मिनिटं कमी.

पुन्हा प्रिंटचे पैसे गेले ते वेगळेच. रागारागात बाजारातून एक टॉवेल घेतला.